फ्रिजमधली पोळी चिवट का होते?

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने आमच्या घरात पाकिटं शिरली. इडली-डोशाचं पीठ, फ्रोझन पराठे आणि दुकानातल्या तयार पोळ्या, ज्यांवर चपाती असं छापलेलं असतं. पाकिटातलं सगळंच वाईट असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. तिन्ही पदार्थ टिकवण्याची रीत वेगळी आहे, आणि पैसे कुठे घालवावेत हे त्यावरूनच ठरतं.

पीठ तर जिवंतच असतं. चांगल्या पाकिटामागे तांदूळ, उडीद डाळ, पाणी, मीठ, फार तर मेथी, एवढंच लिहिलेलं असतं. फ्रिजमध्येही ते हळूहळू आंबत राहतं, म्हणून पाकीट थोडं फुगतं. पॅकिंगची तारीख बघून घ्या. पहिले दोन-तीन दिवस इडली, नंतर आंबट झालं की डोसे आणि उत्तपे, असं मी ठरवून टाकलंय. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलं तर इडली हलकी होते. पिठावर गुलाबी किंवा नारिंगी ठिपके दिसले तर मात्र अख्खं पाकीट टाकून द्यायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

किलोभर पीठ मला ९० रुपयांना मिळतं आणि त्यात २० ते २२ इडल्या होतात. तेवढ्या पिठासाठी घरी साधारण ३३० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम डाळ लागते, म्हणजे आमच्या वाण्याच्या भावाने तिसाच्या आसपास. वरचे साठ रुपये भिजवणं, वाटणं, मिक्सर धुणं आणि रात्रभर आंबवणं याचे. डिसेंबरात पीठ फुगतच नाही तेव्हा ते मी आनंदाने देते.

फ्रोझन पराठ्याला थंडीच टिकवते. उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत, त्यामुळे बुरशी रोखणारी रसायनं घालायची फारशी गरज पडत नाही. खरा प्रश्न पिठाचा आणि तेलाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून मी पहिलं नाव वाचते. मलबार पराठ्यात ते मैदा असतं, त्यानंतर बहुतेकदा पाम तेल किंवा वनस्पती तूप. ते थर त्याशिवाय सुटतच नाहीत. पुढे ठळक अक्षरांत ‘गव्हाचा’ लिहिलं असेल तर मागे गव्हाच्या पिठाची टक्केवारी शोधा. आणि दुकानात पाकीट हाताने चाचपा. पराठे एकमेकांना चिकटलेले असतील, आत बर्फाचा चुरा खुळखुळत असेल, तर ते मध्येच वितळून परत गोठलंय. असं पाकीट घेऊ नका.

तयार पोळीबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं. पोळी म्हणजे कणीक, पाणी, तेल, मीठ. पण ती ओलसर असते आणि आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरसटते. म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात, पाकिटावर २८२ हा आकडा दिसतो तो हाच. तो आम्लातच नीट काम करतो, म्हणून जोडीला सायट्रिक आम्लासारखं काहीतरी येतं. त्या पोळीला जी किंचित आंबूस चव असते, ती बहुधा त्यातूनच येते. हे पदार्थ ठरलेल्या मर्यादेत वापरायला परवानगी आहे, विष नाहीत. पण आणखी एक अडचण उरते. भाजलेल्या पोळीतला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट बसतो, आणि हे सगळ्यात वेगाने फ्रिजच्याच तापमानाला होतं. म्हणून ती मऊ राहावी यासाठी ग्लिसरॉल, ग्वार गम वगैरे घालतात. चार घटकांच्या पोळीचे असे दहा होतात. आणि इतकं करूनही चौथ्या दिवशी ती सासूबाईंना चावली नाही.

दहा पोळ्यांचं पाकीट ८० रुपयांना. त्यातली कणीक साधारण ३०० ग्रॅम, पंधरा रुपयांच्या आतली. सप्टेंबर २०२५ मध्ये चपाती आणि पराठा दोन्हींवरचा जीएसटी शून्य झाला, तरी मला हा सौदा महागच वाटतो, कारण आमच्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात ताजी, तव्यावरून उतरलेली पोळी दहा रुपयांना मिळते. एका पोळीमागे दोन रुपये जास्त, पण घटक चारच.

आता मी रविवारी केंद्रातून वीस पोळ्या आणते. आठ त्या दिवशी संपतात. उरलेल्या बारा पूर्ण गार झाल्या की मध्ये बटर पेपर घालून, हवा काढलेल्या पिशवीत थेट फ्रीझरमध्ये ठेवते, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नाही. खायच्या वेळी काढून तशीच तापलेल्या तव्यावर टाकायची, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट. गुरुवारीही मऊ असते, आणि सासूबाई ती वरणात न बुडवता खातात.