तळमजल्यावरची बाई

पहिल्या प्रकरणाचा अनुवाद संपादकांकडे पाठवला तेव्हा मूळ लेखकाच्या टिपा होत्या अडतीस आणि माझ्या एकसष्ट. तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, अनुवाद चांगला आहे. पण वरच्या मजल्यावर लेखक भाड्यानं राहतोय आणि अख्खा तळमजला घरमालकिणीनं व्यापलाय, असं वाटतंय."

मला राग आला. अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या खेड्यांचा आर्थिक इतिहास मराठीत आणायचा म्हणजे काय खाऊ आहे? कूळ, जमीनदार, चर्चचा दशमांश, खंडाचे हप्ते, अपरिचित सण, त्याहून अपरिचित मापं. वाचकाला यातलं काही कळलं नाही तर पाप कोणाला लागणार? मी तर त्याच्या वाटेतले खडे वेचत होते. संपादक म्हणाले, "खडे वेचा हो, पण वेचलेला प्रत्येक खडा वाचकाला दाखवू नका."

त्या रात्री मी माझ्या एकसष्ट टिपा वाचायला घेतल्या. पहिलीच अशी: "मूळ शब्द 'कॉर्न'. येथे त्याचा अर्थ मका नसून गहू, बार्ली इत्यादी धान्य असा आहे." टीप बिनचूक होती. ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्यच. पण वर मजकुरात मी काय लिहिलं होतं? "धान्याचे भाव". मराठी वाचकानं कॉर्न पाहिलंच नव्हतं, मग त्याला मक्याची शंका येणार कुठून? ती मला आली होती. एक अख्खा रविवार मी मक्याचे भाव लिहीत बसले होते आणि सोमवारी शुद्धीवर आले होते. म्हणजे ती टीप वाचकासाठी नव्हतीच, माझ्या रविवारची भरपाई होती. या नजरेनं पाहू लागले तर एकसष्टपैकी निम्म्या टिपा असल्याच निघाल्या: मी अडखळले, मी शोधलं, मला सापडलं, आता तुम्हीही बघा.

उरलेल्यांसाठी परीक्षक घरातच होता. माझे सासरे, अण्णा. बँकेतून निवृत्त, हातात कायम टोक केलेली पेन्सिल. मी त्यांना एकही टीप नसलेलं प्रकरण दिलं आणि सांगितलं, वाचताना जिथे थांबाल तिथे नुसती रेघ मारा. कारण लिहू नका, मत देऊ नका.

"मत देऊ नको? मग मी वाचू कशाला?" म्हणाले, पण वाचलं.

तेहतीस पानांत नऊ रेघा! बार्लीपाशी ते थांबले नव्हते, बुशेलपाशीही नाही. बुशेल हे धान्याचं माप आहे हे वाक्यावरूनच कळत होतं, आणि नेमकं केवढं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ज्या टिपेसाठी मी दोन संध्याकाळी ग्रंथालयात घालवल्या होत्या, तिच्या जागेवरून अण्णांची पेन्सिल टांग्यासारखी सरळ निघून गेली होती.

नऊमधल्या तीन रेघा शिलिंग आणि पेन्सवर होत्या. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. हे पानोपानी सांगायचं तर अर्धं पुस्तक चिल्लरीतच जाईल. ते उचललं आणि 'अनुवादिकेचे चार शब्द'मध्ये एकदाच ठेवून दिलं. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा या हिशेबात वाढलेल्या अण्णांना तेवढंही नको होतं. मला मात्र कंसात आजचे रुपये द्यायचा मोह झाला होता. संपादकांनी विचारलं, "आजचे म्हणजे कधीचे? पुस्तक छापून येईपर्यंतचे, की दुसऱ्या आवृत्तीपर्यंतचे?"

दोन रेघा मायकेलमसवर होत्या. हा इंग्लंडमधला २९ सप्टेंबरचा सण, आणि खंड भरायचा एक ठरलेला दिवस. यावर माझी पाच ओळींची टीप तयार होती, देवदूत मायकेलसकट. शेवटी ती वाक्याच्याच पोटात गेली: "सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, कुळं खंडाचा हप्ता भरत." दोन-तीन शब्द जास्तीचे, पण वाचकाची मान खाली-वर होत नाही. मी खूश झाले आणि ही युक्ती पुढच्याच पानावर एका कुळाच्या पत्रात वापरली. तिथे संपादकांनी पकडलं. लेखकाच्या वाक्यात असे दोन शब्द मुरवले तर चालतं, पण जुन्या कागदातून जसंच्या तसं घेतलेलं अवतरण असेल तर त्यात एक अक्षरही आपलं घालता येत नाही. उद्या कोणी ते अवतरण उचलून स्वतःच्या प्रबंधात वापरलं, तर अठराव्या शतकातला शेतकरी माझी समजूत बोलू लागेल. तिथे टीपच हवी, नाहीतर चौकोनी कंस. म्हणजे एकाच शब्दाला एका पानावर टीप नको आणि पुढच्या पानावर हवी!

आता खरी रेघ. ती इतक्या जोरात मारली होती की कागद फाटला होता. मजकुरात तारीख होती: १४ फेब्रुवारी १७४२/४३.

"सूनबाई, हे आर्थिक वर्ष आहे का गं?"

अण्णाच काय, मुद्रितशोधकही फसले होते. त्यांनी तिरकी रेघ काढून ऐटीत १७४२-४३ असं करून टाकलं होतं. दोन शहाणी माणसं एकाच ठिकाणी घसरली आणि घसरून चुकीच्या अर्थावर पडली, म्हणजे टीप हवीच. वाचक नुसता थांबला तर एकवेळ पुढे तरी जाईल, पण चुकीचं समजून आनंदानं पुढे गेला तर त्याला परत बोलावता येत नाही.

मी टीप लिहिली. सुरुवात ज्युलियस सीझरपासून केली, दुसरीकडून करणार तरी कशी? मग पोप तेरावे ग्रेगरी, १५८२ सालची पंचांगसुधारणा, प्रॉटेस्टंट इंग्लंडची पोपवरची नाराजी. त्यानंतर १७५२, ज्या वर्षी तिथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मग "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणून झालेल्या दंगलींची प्रसिद्ध कथा, तिला भक्कम पुरावा नाही हा खुलासा, आणि ती कथा रुजवण्यात चित्रकार होगार्थच्या निवडणुकीच्या चित्रातल्या एका फलकाचा असलेला हात. शेवटी ब्रिटनमधलं करांचं वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, ते या अकरा दिवसांचंच वंशज, हेही.

पानं लावणाऱ्या मुलानं फोन केला. "मॅडम, या पानावर वरती तीनच ओळी बसताहेत. बाकी सगळी तुमची टीप, आणि ती पुढच्या पानावरही चाललीय. तिला प्रकरण क्रमांक देऊ का?"

मग मी अण्णांचा प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवला. त्यांनी काय विचारलं होतं? एका तारखेला दोन वर्षं का? सीझर कोण हे विचारलं नव्हतं. पोपची चौकशी केली नव्हती. अकरा दिवसांचा तर इथे संबंधच नव्हता. ती गाळलेल्या दिवसांची भानगड, आणि ही नवं वर्ष कधी लागतं याची. दोन्ही एकाच कायद्यानं मिटल्या म्हणून मी त्यांना एकाच दावणीला बांधलं होतं. सीझर गेला, पोप गेले, दंगली गेल्या. चित्रकाराला निरोप देताना हात जड झाला. उरलं ते असं:

"* इंग्लंडमध्ये १७५२पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला लागे. त्याआधीच्या जानेवारी-मार्चमधील तारखांना म्हणून जुने/नवे अशी दोन्ही वर्षे देतात. – अनु."

दोन ओळी. अण्णांनी वाचलं आणि म्हणाले, "हां, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला बदलायच्या, तसं." मी लगेच ते टिपेत घालायला पेन उचललं. त्यांनी माझा हात धरला. "अगं, ते माझं मला सुचलं. तू छापलंस तर मला काय सुचणार?"

त्या 'अनु.' आणि फुलीमागेही एक रामायण आहे. आधी मी माझ्या टिपा लेखकाच्याच आकड्यांच्या रांगेत घुसवल्या होत्या. संगणक आपोआप क्रमांक बदलतो, म्हटलं किती सोय! पण लेखकानं मजकुरात जागोजागी "टीप १७ पाहा" असं हातानं टाइप केलेलं होतं, ते कुठे बदलणार? माझ्या घुसखोरीनंतर टीप १७ पाहायला गेलेल्या वाचकाला मेंढ्यांच्या लोकरीऐवजी बार्ली भेटत होती. आकडे लेखकाला परत केले, मी फुल्यांवर आले. शिवाय कोण बोलतंय हे वाचकाला कळायला हवं. लेखकाच्या टिपेत पुरावा असतो, माझ्या टिपेत नुसती मदत. माझी मदत त्याच्या नावावर जाता कामा नये, आणि माझी चूक तर नाहीच नाही.

एका जागी लेखकाचीच चूक सापडली. तीन रकमांची बेरीज दोन शिलिंगांनी कमी. मी आनंदानं वेडी झाले. फुली मारून लिहिणार होते, पण संपादक म्हणाले, आधी लेखकाला कळवा. त्यांचं दोन दिवसांत उत्तर आलं: छपाईची चूक, दुरुस्त करा, आभार. झालं. टीप लागलीच नाही. अकरा दिवसांच्या दंगली खरंच झाल्या, यावर मात्र लेखक ठाम राहिले, आणि तिथे तळाशी बसून वाद घालायचा मला हक्क नव्हता. मतभेदाची एक ओळ प्रस्तावनेत गेली.

सर्वांत जड गेली ती गोव्याची टीप. पोर्तुगालनं नवी कालगणना १५८२ सालीच घेतली, इंग्लंडनं १७५२ साली. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यातला पोर्तुगीज आणि मुंबईतला इंग्रज एकाच सकाळी पत्र लिहायला बसले, तर गोव्याच्या पत्रावरची तारीख मुंबईच्या पत्राहून अकरा दिवस पुढे! मी हे अण्णांना जेवताना सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला. "वा! काय सुंदर आहे हे." मग वरण ओढून घेत म्हणाले, "पण या पुस्तकात गोवा कुठे आहे?"

कुठेच नव्हता. काढली.

पुस्तक आलं. एकसष्टच्या जागी त्या प्रकरणात माझ्या चार टिपा. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी भिंगासह. दुपारी बघते तर एकच पान उलटसुलट करताहेत. पानाच्या तळाशी पाहतात, मग पुढच्या पानाच्या, मग पुस्तक उलटं धरून झटकतात.

"काय शोधताय अण्णा?"

"इथे 'अकरा दिवस' वर फुली आहे. खाली काहीच नाही."

मी पाहिलं. गोवा काढला होता, फुली काढायची राहिली होती.

"असू दे," अण्णा म्हणाले आणि पेन्सिलीनं तळाच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहू लागले. वाकून पाहिलं. सुरुवात पोर्तुगालपासून होती, आणि मजकूर समासात वळला होता.