‘नंतर’चा शॉट त्याच दिवशी घेऊन मोकळे होऊ नका

आमच्या गल्लीच्या सफाई मोहिमेचा व्हिडिओ झाला एकदाचा. आहे दीड मिनिटाचाच, पण त्यावरून कमिटीत चांगलंच वाजलं.

स्क्रिप्ट माझी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं काय दिसणार, उजवीकडं काय ऐकू येणार. पहिलं दृश्य डीपीजवळचा कोपरा: फाटक्या कॅरीबॅगा, करवंट्या, त्यात तोंड घालून उभी गाय. मोहीम रविवारी होती, पण हा शॉट मी शनिवारी सकाळी साडेसातलाच उरकला. माणसं जमली की कुणीतरी आधी गाय हाकलतं आणि कोपरा निम्मा आवरून जातो. मोबाईल आडवा करून समोरच्या ओट्यावर टेकवला, तिथं ऑइलपेंटचा ठिपका दिला. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकाच जागेवरून, एकाच वेळच्या उजेडात नसतील तर दोन वेगळे कोपरे वाटतात. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात आमचा उकिरडाही देखणा दिसतो!

आवाजांनी जास्त छळलं. काम चालू असताना बोलायला लावलं तर खोऱ्या-घमेल्याच्या खडखडाटात शब्द कळेना. मग सगळे देवळाच्या मंडपात चहाला टेकल्यावर दुसरा मोबाईल एकेकाच्या हातात दिला. लिहून दिलेली वाक्यं वाचताना माणसं शाळेतल्या भाषणासारखी बोलतात, म्हणून कागद बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न विचारला: हा कचरा कुणाचा होता?

तीन-चार जणांनी ‘बाहेरच्यांचा’ म्हणून सांगितलं. एक काकू मात्र म्हणाल्या, ‘‘कुणाचा म्हंजे? आमचाच की ओ. घंटागाडी येती सातला अन् नळबी त्याच टायमाला. पाणी सोडून कोण पळंल गाडीमागं?’’

अध्यक्षकाका म्हणाले, हे काढा, गल्लीची बदनामी होते. मी काढलं नाही, आणि कारण त्या ठिपक्यावरच सापडलं. रविवारी दुपारी रांगोळीसकट ‘नंतर’चा शॉट घेतला होताच. पण पुढचे दहा दिवस रोज साडेसातला तिथंच मोबाईल टेकवला. आठ दिवस कोपरा स्वच्छ. दोनदा मात्र गाठ मारलेल्या पिशव्या पडलेल्या, दोन्ही वेळा नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो. म्हणजे आमच्या कोपऱ्यापुरतं तरी लोकांना वळण नाही वगैरे म्हणण्यात अर्थ नव्हता, एका सकाळचा घोळ होता. मोहिमेच्या संध्याकाळीच व्हिडिओ संपवला असता तर हे कुणालाच दिसलं नसतं, मलाही नाही.

शेवटी रांगोळीच्या दृश्यानंतर त्या पिशव्या दाखवल्या आणि त्यावर काकूंचा आवाज ठेवला. काका दोन दिवस बोलले नाहीत.

आता नळाच्या दिवशी मागच्या बोळातली दोन पोरं सहा घरांच्या बादल्या गाडीपर्यंत नेतात. त्याचाही शॉट घ्यायचाय, पण ओट्याला लागून कुणीतरी रोज स्कूटी लावतंय.