बीट, डाळिंब आणि वर एक कप चहा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. आधीच सांगून ठेवते.

सकाळी एका गावात रक्तक्षयावरच्या बैठकीला जाऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं. निवृत्त झाले तरी पाय तिकडेच वळतात. बोलणारी आरोग्य कार्यकर्ती नवीन, जेमतेम पंचविशीची. हातात वरून आलेला छापील कागद. पहिल्या पानावर बीट, डाळिंब, सफरचंद यांची चित्रं आणि खाली ओळ, ‘लाल पदार्थ खा, रक्त वाढवा’. पोरीने मन लावून वाचला. बायकांनी माना डोलावल्या. मग लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या वाटल्या, पाठोपाठ चहाचे कप आले आणि पुढच्या रांगेतल्या तिघी-चौघींनी माझ्या डोळ्यांदेखत गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली. पोरगी हसून म्हणाली, ‘शाब्बास!’

मी गप्प बसले. सगळ्यांसमोर तिला काय बोलणार? पण घरी आल्यापासून माझं टाळकं सटकलंय. पोरीवर राग नाही. तो कागद लिहिणाऱ्यावर आहे.

कारण तोच कागद मीही वाचला होता. माझं पहिलं भाषण. पुढच्या रांगेत माझी सख्खी मोठी बहीण, धाकटीचं कौतुक ऐकायला आलेली. तिचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, तेव्हा 8.2. ताईने माझा शब्द प्रमाण मानला आणि पाच महिने रोज बीट खाल्लं. पाच महिन्यांनी तपासलं तर 8.0. आणि मी काय केलं? तिच्यावरच ओरडले. ‘तू खात नाहीस, उगाच सांगतेस.’ ती काही बोलली नाही.

आता हिशोब मांडते, कारण तो कागद लिहिणाऱ्याने कधी मांडलेला नाही. 100 ग्रॅम बीटमध्ये लोह किती? एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, साधारण 0.8. वनस्पतींतलं लोह शरीर सगळं घेत नाही. दहावा भाग अंगी लागला असं धरू. म्हणजे 0.08. आता दुसरी बाजू बघा. पाळीत सर्वसाधारण बाईचं तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, 80 च्या वर गेलं तर ते जास्त. ताईचं 100 च्या आसपास जात असावं. तिच्या फिक्या रक्तातसुद्धा एवढ्यात सत्तावीसेक मिलिग्रॅम लोह निघून जातं. ते नुसत्या बीटने भरून काढायचं तर महिन्याला तीस किलोच्या वर बीट लागेल. लोह कमी असलं की शरीर जास्त ओढून घेतं, हे मान्य. दुप्पट घेतलं असं धरा. तरी पंधरा किलोच्या वर! रंग लाल म्हणून रक्त वाढतं, हे त्या कागदाचं शास्त्र. बीट खाऊ नका असं मी म्हणत नाही. भाजी म्हणून चांगलीच आहे. औषध म्हणून ते कुणाच्या गळ्यात मारू नका, एवढंच.

आणि ताईचं एवढं रक्त जातंय हे मला कळलं कसं? कागदातून नाही. एका रात्री दोघी जागत बसलो होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, ‘अगं, माझं दहा-दहा दिवस अंगावरून जातं. रात्री दोनदा उठावं लागतं. गाठी पडतात. तुझ्या भाषणात पाळीचं काही नव्हतं, म्हणून म्हटलं, त्याचा याच्याशी काय संबंध.’

तुझ्या भाषणात नव्हतं. हे वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की भाषणाची सुरुवात पदार्थांच्या यादीने करूच नये. ती प्रश्नांनी करावी. तोटी उघडी ठेवून हंडा भरायला कोण सांगतं? आधी गळती विचारा. पाळी किती दिवस चालते? सात दिवसांच्या वर जाते का? तासा-दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावं लागतं का? गाठी पडतात का? शौचातून रक्त जातं का? उघड्यावर, अनवाणी मातीत वावर असेल तर जंताचं औषध शेवटचं कधी घेतलं? आकडेकृमी आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. बाईला पत्ताही लागत नाही. आणि हो, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? हे विचारलं की बायका आधी हसतात, मग एखादी हळूच म्हणते, ‘हो, मला वाटतं.’ ती खोड नसते. लोह कमी झाल्याची ती खूण असू शकते. तिचं रक्त त्याच दिवशी तपासायला लावा.

डोळ्याची पापणी खाली ओढून ‘फिकी नाही, तुम्ही ठीक’ असं सांगणारेही मी पाहिलेत. रक्त फारच खाली गेलेलं असेल तर पापणी सांगते. दहावर असलेली बाई तिथे सहज निसटते. आकडाच बघायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेची ढोबळ रेषा अशी, की गरोदर नसलेल्या बाईचं 12 च्या खाली आणि गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं तर रक्तक्षय. गरोदर नसलेलीचं 8 च्या खाली आणि गरोदर असलेलीचं 7 च्या खाली गेलं तर तो तीव्र. त्या बाईला भाषण ऐकवत बसू नका, उठा आणि दवाखान्यात न्या.

मग खाण्याचं काहीच सांगायचं नाही का? सांगायचं. पण यादी नको, एका ताटाची गोष्ट सांगा. ताटात डाळ किंवा मोड आलेलं कडधान्य आहे, पालेभाजी आहे. यात लोह आहे, पण अडकलेलं. धान्या-कडधान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं. भिजवून मोड आणले की ती पकड सैल होते. वरून लिंबू पिळलं, कच्चा टोमॅटो किंवा पेरूची फोड खाल्ली, तर त्याच ताटातलं लोह दुप्पट-तिप्पटसुद्धा अंगी लागू शकतं. लिंबू शिजताना घालायचं नाही हं, ताटात पिळायचं. उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व कमी होतं. पालकाची कीर्ती मोठी आहे, पण त्यातलं लोहही सहजी सुटत नाही. मांस खाणाऱ्या घरात कलेजीचं नाव घ्यायला लाजू नका. मांसातलं लोह शरीर कितीतरी सहज घेतं आणि शेजारच्या डाळीतलं लोहसुद्धा सोबत ओढून नेतं. (लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर थोडं लोह भाजीत उतरतं. थोडंच. कढई म्हणजे गोळी नव्हे.)

आणि याच ताटाबरोबर कपभर कडक चहा घेतला की त्या जेवणातलं अंगी लागणारं लोह निम्म्याहून खाली येऊ शकतं. चहातले टॅनिन त्याला बांधून टाकतात. गोळीचंही तेच. आज सकाळी मी जे पाहिलं ते हेच होतं, आणि वर ‘शाब्बास’!

चहा सोडा म्हटलं तर बाई उठून जाईल, मला कळतं. मी स्वतः सोडलेला नाही. सोडायला सांगूच नका. जेवणाआधी आणि नंतर तासभर नको, एवढंच सांगा. एवढं कुणीही ऐकतं.

आता गोळीबद्दल, कारण कागदात तिला एकच ओळ होती, ‘नियमित घ्या’. नियमित का घेतली जात नाही, ते विचारलंय कुणी? मळमळतं. पोट घट्ट होतं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी शौच काळी होते, बाई घाबरते आणि पट्टी कोनाड्यात जाते. हे आधी सांगितलं नाही तर सगळं मुसळ केरात. भाषणात असं म्हणा, ‘मावशी, शौच काळी होईल, घाबरू नका. जे लोह अंगी लागलं नाही ते बाहेर पडतंय. पण गोळी घेत नसताना डांबरासारखी काळी, चिकट झाली, तर मात्र लगेच दाखवा.’ गोळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर सगळ्यात चांगली लागते. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. थोडी कमी लागेल, पण पट्टीत पडून राहण्यापेक्षा बरी. तरी जमेना तर एक दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. गरोदर नसलेल्या अनेक बायकांना ते चालतं, आणि दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह शरीर जास्त प्रमाणात घेतं असं दिसलंय. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको. आणि पट्टी लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, मूठभर गोळ्यांनी लहान मूल दगावू शकतं. हे सांगताना आवाज चढला तरी चालेल.

खाण्यातून शरीरात रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह शिरतं. 60 मिलिग्रॅमच्या गोळीतून त्याच्या कितीतरी पट. म्हणून 8 वर आलेल्या बाईला ताट एकटं पुरत नाही. ताट तिला पुन्हा घसरू देत नाही. हा फरक एका वाक्यात सांगता येतो, पण मला तो कुठल्याच कागदावर दिसलेला नाही.

ताईच्या गर्भाशयात गाठ निघाली. तिच्यावर उपचार झाले, रक्तस्राव आटोक्यात आला, गोळ्या पाण्याबरोबर सुरू झाल्या. चार आठवड्यांनी 9.3. म्हणजे गोळी लागू पडत होती. महिनाभरात आकडा एकनेही हलला नाही तर गोळी पोटात जात नाहीये, किंवा गळती चालू आहे, किंवा आजारच वेगळा आहे. बी 12 ची कमतरता असेल, नाहीतर थॅलेसेमियाचा अंश. अशा बाईवर ओरडायचं नसतं, तिला पुढे पाठवायचं असतं. ताई 12 वर पोचली तेव्हा म्हणाली, ‘झालं, आता बंद.’ मी म्हटलं, अजून तीन महिने. रक्त भरलं, लोहाचं कोठार रिकामंच आहे. या वेळी तिने माझं ऐकलं, आणि या वेळी मी बरोबर होते.

इथवर लिहीपर्यंत राग उतरला. मघाशी त्या पोरीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने वही काढून लिहून घेतलं. मला वाटलं होतं, बाई कुरकुरेल. उलट तीच म्हणाली, ‘मॅडम, पुढच्या वेळी चहा आधी देते आणि गोळी पाण्याबरोबर घरी रात्री घ्यायला सांगते. पण ते अंगावरून जाण्याचं सगळ्यांसमोर कसं विचारू? पुढच्या रांगेत माझी सासू बसते.’

खरं आहे. मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेत तर सख्खी बहीण होती, तरी ती बोलली नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. प्रश्न सगळ्यांना मोठ्याने विचारायचे, उत्तर कुणाकडूनच मागायचं नाही. गोळ्यांची पट्टी देताना एकेकीला दाराबाहेर बोलवायचं आणि तिथे हळू आवाजात विचारायचं, ‘त्यातलं तुम्हाला काही आहे का?’ पुढची बैठक गुरुवारी आहे. सासूलाही बाहेर बोलवणार आहे, असं म्हणाली.