पाच हजार नव्याण्णव रुपयांचा परतीचा प्रवास

दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून नागपूरला जाणारी ट्रॅव्हल्सची गाडी रद्द होते, तेव्हा ती रद्द झाली असे तोंडाने कोणीही म्हणत नाही. संगमवाडीहून रात्री आठला सुटणाऱ्या आमच्या स्लीपर गाडीसंबंधी दुपारी चारच्या सुमारास जो फोन आला, त्यातला आवाज इतका मृदू होता की मला आधी तो विमावाल्यांचा वाटला. "साहेब, गाडीला थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे. तुम्ही तेवढं ॲपवरून तिकीट कॅन्सल करून टाका, पैसे आपोआप येतील."

या वाक्यातल्या 'तुम्ही' या शब्दाची किंमत आमच्या बाबतीत 5,099 रुपये होती. दोन बर्थचे भाडे 4,800, त्यावर पाच टक्के जीएसटी 240 आणि ॲपची सुविधा फी 59. गाडी सुटायला बारा तासांहून कमी वेळ उरला असता प्रवाशाने तिकीट रद्द केले, तर त्याला शून्य रुपये मिळतील, असे त्याच तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते. गाडी ट्रॅव्हल्सवाल्याने रद्द केली, तर मात्र पूर्ण भाडे परत. म्हणजे गाडी त्यांनी रद्द करायची आणि बटण मात्र मी दाबायचे, अशी ही सोयीची श्रमविभागणी होती. "रद्द तुम्हीच करा आणि तसा मेसेज पाठवा," असे मी म्हणताच त्या आवाजातला मृदूपणा गेला, आणि पुढचे दोन तास तो आवाजही गेला. अखेर सहाच्या पुढे 'ऑपरेटरने फेरी रद्द केली आहे' असा मेसेज आला, तेव्हा मी त्याचा स्क्रीनशॉट देवघरातल्या तसबिरीसारखा जपून ठेवला.

मग ॲपने दोन पर्याय समोर मांडले. पहिला मोठ्या हिरव्या चौकटीत होता: 'तत्काळ क्रेडिट नोट', आणि ती निवडल्याची खूण माझ्या वतीने आधीच केलेली होती. दुसरा खाली, फिकट करड्या अक्षरांत: 'मूळ खात्यात परतावा, पाच ते सात कामकाजाचे दिवस'. क्रेडिट नोटच्या अटी उघडून पाहिल्या, तर ती 4,800 रुपयांची, सहा महिने मुदतीची आणि एका बुकिंगमध्ये भाड्याच्या वीस टक्क्यांपर्यंतच वापरता येणारी निघाली. हिशेब केला, तर माझेच 4,800 रुपये पुरते वसूल करण्यासाठी मला सहा महिन्यांत 24,000 रुपयांची तिकिटे काढावी लागणार होती. इतका प्रवास ड्रायव्हर करतो; प्रवासी करीत नाही.

मी करडी अक्षरे निवडली, तेव्हा 'तुम्हाला नक्की थांबायचे आहे का?' असे ॲपने काळजीने विचारले. खरे तर परताव्याचा राजमार्ग तोच आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे विक्रेत्यापर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी, काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले होते की, ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला स्पष्ट संमती दिली नसेल, तर परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जावा. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परताव्यापोटी केवळ कूपन हातावर टेकवणाऱ्या एका टॅक्सी ॲपलाही, पैसे बँकेत हवेत की कूपन हवे हे ग्राहकाला निवडू द्या, असा आदेश दिला. आधीच करून ठेवलेल्या खुणेला स्पष्ट संमती म्हणावे काय, हा प्रश्न मी वकील मंडळींवर सोपवतो.

मुदत उलटली, तरी ॲपवर 'परतावा सुरू केला आहे' हीच पाटी होती. सुरू करणे आणि पोहोचवणे यांतले अंतर पुणे-नागपूरपेक्षा मोठे असते. ॲपने दिलेला लांबलचक 'रिफंड आयडी' घेऊन मी बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी चष्मा वर करून तो पाहिला आणि "हा नंबर आमचा नाही" असे सांगितले. तो नंबर ॲपचा अंतर्गत असतो. यूपीआयने दिलेल्या पैशांचा माग लावायला बँकेला आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, लागतो. तो मागितल्यावर ॲपच्या प्रतिनिधीने तीन वेळा दिलगिरी व्यक्त केली, पण नंबर दिला नाही. 'आरआरएन द्या, अन्यथा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो' असे लेखी कळवल्यावर तो संध्याकाळपर्यंत आला. गंमत अशी की त्या नंबराचा व्यवहार त्याच दिवशी दुपारचा होता. म्हणजे इतके दिवस 'सुरू' असलेला परतावा माझे पत्र वाचून खरोखर सुरू झाला होता.

खात्यात 5,040 रुपये जमा झाले. उरलेल्या 59 रुपयांच्या सुविधा फीबद्दल मी विचारले, कारण या साऱ्या व्यवहारात नेमकी कोणती सुविधा मिळाली ते मला आठवेना. ॲपने विनंती तत्काळ मान्य केली आणि 59 रुपयांची क्रेडिट नोट पाठवली, किमान 1,500 रुपयांच्या तिकिटावर वापरण्याच्या अटीसह.