मेरिनोला गोळे आले, ट्वीडला का नाही?

प्रतिक्रिया : "वर्स्टेड धाग्याला गोळे कमी येतात, असं तुम्ही ठासून लिहिलंय. माझा वर्स्टेड मेरिनोचा महागडा स्वेटर एका थंडीत काखेत आणि कुशीला गोळ्यांनी भरला. वडिलांचा ट्वीडचा कोट, जो तुमच्या हिशेबाने वुलन, तो मात्र वीस वर्षं जसाच्या तसा आहे. शिवाय माझा वर्स्टेडचा सूट स्वेटरपेक्षा गार लागतो. मग वर्स्टेड भारी कसं? मला तर हा दुकानदारांनी केलेला फरक वाटतो."

उत्तर :

नमस्कार. तुमचा स्वेटर आणि वडिलांचा कोट यांच्याबद्दल तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर आहे. पण या दोन कपड्यांत फक्त धाग्याचा फरक नाही. लोकरीची जाडी, धाग्याचा पीळ आणि कापडाची बांधणी हे सगळंच वेगळं आहे. त्यामुळे गोळ्यांचा दोष कोणाच्या माथी मारायचा, हे या जोडीवरून ठरत नाही.

आधी धाग्याचं पाहू. वुलन आणि वर्स्टेड ही लोकरीचा धागा करण्याच्या दोन पद्धतींची नावं. धुतलेली लोकर दोन्ही पद्धतींत पिंजली जाते. वुलनमध्ये ती तिथूनच पातळ पट्ट्यांत विभागून कातायला जाते, म्हणून आखूड-लांब तंतू एकमेकांत वेडेवाकडे अडकलेले राहतात. वर्स्टेडमध्ये पिंजल्यावर ती पुन्हापुन्हा ताणून सरळ करतात आणि मग यंत्राच्या कंगव्याने विंचरतात. आखूड तंतू तिथे गळून बाजूला पडतात. उरतात ते साधारण 6 ते 8 सेंटिमीटरचे तंतू, एकमेकांना समांतर. वर्स्टेडचा गुळगुळीतपणा इथून येतो. बाजूला पडलेला आखूड माल वाया जात नाही, तो बहुतेक वुलन कातणाऱ्यांकडेच जातो.

आता गोळे. घासलं गेलं की तंतूचं मोकळं टोक धाग्यातून बाहेर सरकतं, अशी टोकं एकमेकांत गुंततात आणि गोळा होतो. टोक बाहेर सरकणार की नाही, हे तंतूला धाग्यात किती धरून ठेवलंय यावर ठरतं. लांब तंतू जास्त ठिकाणी धरला जातो आणि लांबीच्या मानाने त्याची टोकंही कमी असतात. म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर वर्स्टेडला गोळे कमी येतात. लेखातलं वाक्य मी इथपर्यंत कायम ठेवतो.

तुमच्या स्वेटरमध्ये बाकी सगळं सारखं नाही. अंगाला मऊ लागावा म्हणून स्वेटरच्या धाग्याला पीळ मुद्दाम कमी देतात. त्यात कापड टाक्यांचं, म्हणजे धागा प्रत्येक टाक्यात वळलेला आणि हलायला मोकळा. वर मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 19-20 मायक्रॉनचा, म्हणजे अगदी लवचिक. ट्वीडचा तंतू 30 मायक्रॉनच्या आसपास धरला तर तो दीडपट जाड झाला, पण वाकायला तो साधारण पाचपट ताठ असतो, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ताठ तंतू बाहेर आला तरी गुंडाळला जात नाही, नुसता टोचत राहतो. शिवाय ट्वीड मागावर घट्ट विणलेलं असतं आणि विणल्यावर साबणपाण्यात मळून थोडं आटवलेलं असतं, त्यामुळे तंतू जागच्या जागी बसतात. आपल्याकडच्या घोंगडीचंही तेच. लोकर पिंजून काततात, विंचरत नाहीत, तरी जाडाभरड्या दख्खनी लोकरीमुळे तिला मेरिनोसारखे गोळे येत नाहीत.

खरी तुलना करायची तर तुमच्या स्वेटरशेजारी लॅम्ब्सवूलचा स्वेटर ठेवा. तो बहुधा वुलन धाग्याचा असतो. पहिल्या काही वापरांतच त्यावर जास्त लव उठते आणि गोळेही जास्त येतात. तसंच ट्वीडची जोड सुटाच्या वर्स्टेड कापडाशी लावा.

तुमचा स्वेटर खरंच वर्स्टेड आहे का, हे घरी पाहता येतं. लेबलवर 'मेरिनो' लिहिलेलं असतं, ते लोकरीबद्दल. धागा कसा कातला हे त्यावरून कळत नाही. आतल्या शिवणीतून सुटलेल्या धाग्याचा 10 सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि काळ्या कागदावर ठेवा. एक टोक टाचणीने दाबून दुसरं टोक उलट फिरवा. दुपदरी धागा असेल तर दोन पदर समांतर होईपर्यंत किती फेरे लागले ते मोजा आणि 10 ने भागा. मऊ स्वेटरला सेंटिमीटरमागे दोन-तीन फेरे येतील, सुटाच्या बारीक धाग्याला सहा-सात. मग एका पदराचा पीळ पूर्ण काढून तो हळूच ओढा. तंतू एका दिशेने घसरत लांबसडक सुटले तर वर्स्टेड. आखूड तंतूंचा विस्कटलेला पुंजका हातात आला आणि धागा पटकन तुटला तर वुलन.

उबेबद्दल लेखातही मी वर्स्टेडला भारी म्हटलेलं नाही. ऊब देते ती धाग्यात अडकून स्थिर राहिलेली हवा. वेड्यावाकड्या तंतूंत ती जास्त मावते, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा वुलन धागा फुगीर आणि जास्त उबदार असतो. तुमचा सूट गार लागतो तो यामुळे, आणि तो पातळही असतो म्हणून. मुंबईत एसीच्या ऑफिसात बसणाऱ्याला तेच हवं असतं. पण स्वेटरच्या टाक्यांतून वारा सरळ आत येतो आणि साठलेली हवा उडवून लावतो. बाइकवर फुगीर वुलन स्वेटरही कुडकुडवतो, वर वाऱ्याला अडवणारं जाकीट हवंच.

सुटाला वर्स्टेड का वापरतात, त्याची कारणं वेगळी आहेत. समांतर तंतूंचं कापड सपाट बसतं, पँटची इस्त्रीची घडी टिकते आणि कापड अंगावर सरळ पडतं. वुलन फ्लॅनेलच्या पँटला ही घडी लवकर सोडून जाते आणि मांड्या घासल्या जातात तिथे लव झिजते. वर्स्टेडचा दोष दुसरा आहे. बसण्याच्या जागी आणि कोपराला तो चकाकायला लागतो, कारण गुळगुळीत पृष्ठभाग घासून आणखी सपाट होतो. कोरडी गरम इस्त्री थेट फिरवली तर हे आणखी लवकर होतं. वर ओलसर सुती फडकं ठेवूनच इस्त्री करा.

आता तुमच्या स्वेटरचं काय करायचं ते. गोळे बोटांनी ओढू नका, त्याबरोबर आणखी तंतू बाहेर येतात. स्वेटर सपाट पसरून छोट्या मशीनने किंवा लोकरीच्या कंगव्याने हलक्या हाताने काढा. धुताना उलटा करून, कोमट पाण्यात, न चोळता. दोन वापरांमध्ये निदान एक दिवस तो मोकळा ठेवा. निव्वळ लोकर असेल तर सुटे तंतू निघून जातील तसे गोळे कमी होत जातात, कारण लोकरीचा तंतू फार मजबूत नसतो आणि गोळा घासून आपोआप गळतो.

कमी होत नसतील तर मिश्रणाची शंका घ्या. नायलॉन किंवा अ‍ॅक्रिलिकचा तंतू सहज तुटत नाही, गोळा धरूनच ठेवतो. काढलेले गोळे चिमट्यात धरून सिंकवर पेटवून पाहा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून कडक मणी राहिला तर मिश्रण आहे, आणि ते लेबलवर नसेल तर दुकानात परत न्यायला हेच कारण पुरेसं आहे.