एक वाजून सतरा मिनिटं

रात्री १:१७ ला मोबाइल उजळला. ‘जागे आहात का?’

झोपलेला माणूस या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि जाग्या माणसानं ते लगेच द्यायचं नसतं. अकरा मिनिटं पंख्याकडे बघून मी लिहिलं, ‘हो, आत्ताच जाग आली.’ खरं तर दहापासून तिचं ‘लास्ट सीन’ बघत पडलो होतो. निळ्या टिका मी आधीच बंद करून ठेवल्या होत्या. आपण वाचलंय हे तिला कळू नये, एवढाच रुबाब. पण त्या बंद केल्या की समोरच्याच्याही दिसत नाहीत, हे नंतर कळलं. आता ‘लास्ट सीन’वरच गुजराण.

स्थळ मावशीनं आणलेलं, मुलगी जुळे सोलापूरची. दिवसा तिची उत्तरं ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’. पण एखाद्या रात्री एकनंतर जी सुरू व्हायची! गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून केलेली रडारड, शेंगाचटणीवरून मामाशी झालेलं भांडण, पार तीनपर्यंत. मग चार दिवस शुकशुकाट.

मी नवी पेठेत एका दुकानाचे हिशेब लिहितो. त्यामुळे तारखा मांडल्याच. मंगळवार, रविवार, शुक्रवार. बरोबर पाचव्या दिवशी! निष्कर्ष उघड होता : बिचारी चार दिवस मन आवरते, पाचव्या दिवशी बांध फुटतो.

कौतुकानं वहिनीला वही दाखवली. तिचं माहेर त्याच भागातलं.

“भावजी, पाचव्या दिवशी तिकडं पाणी येतंय की! रात्री एकला. माझी आईपण जागीच असते.”

म्हणजे दोन तास नळीपाशी बसून, हौद भरेपर्यंत, मी. बांध फुटला होता तो खराच, फक्त पाइपात.

“मग तिच्या मनात काहीच नाही?”

“तसं कुठं म्हटलं? वेळेवरून एवढंच कळतंय की ती जागी आहे आणि हात रिकामे आहेत. आणखी चार जणांना लिहिते की तुम्हालाच, ते घड्याळ कसं सांगणार? पाणी नसताना कधी स्वतःहून काही विचारलंय का?”

वही चाळली. नव्हतं विचारलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी अडीचला, मे महिन्यात, अख्खं सोलापूर शटर ओढून आडवं झालेलं असताना मेसेज आला. ‘दाढ काढली का? दुखतंय का अजून?’ दाढेबद्दल मी एकदाच, ओझरतं बोललो होतो, तेही नऊ दिवसांपूर्वी. वही उघडली. गुरुवार पाण्याचा नव्हता.

या वेळी अकरा मिनिटं थांबलो नाही.

काल जेवताना आई म्हणाली, “मावशीकडं उद्या जाऊन येऊ.”

“उद्या नको. रात्री त्यांच्याकडं पाणी आहे, उद्या दिवसभर झोपेत असतील.”

मावशीही जुळे सोलापुरातच राहते. आईचा घास हातातच राहिला. “तुला रे कसं माहीत?”

वहिनी भाकरी मोडत खाली बघून हसत होती.