साखरेचा रेणू मोठा, हेक्झेनचा लहान, तरी विरघळते ती साखरच

मीठ-साखर पाण्यात विरघळतात आणि तेल का नाही, याचं नेहमी ऐकू येणारं उत्तर असं असतं:

«पाण्याच्या रेणूंमध्ये मोकळ्या जागा असतात. मीठ-साखरेचे कण बारीक, म्हणून ते त्या जागांत जाऊन बसतात. तेलाचे कण मोठे, ते मावत नाहीत. शिवाय तेल हलकं, म्हणून वर राहतं. आणि पाण्याला तेल नकोच असतं, ते त्याला दूर ढकलतं.»

यातला एकेक मुद्दा तपासू. मोकळ्या जागांपासून सुरुवात करू, कारण ती गोष्ट मोजता येते. मोजपात्रात १०० मिली पाणी घ्या आणि त्यात थोडी थोडी करत २०० ग्रॅम साखर ढवळत विरघळवा. वेळ लागतो, पण सगळी विरघळते. साखरेच्या स्फटिकाची घनता मिलीला सुमारे १.५९ ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम साखरेचं स्वतःचं आकारमान साधारण १२६ मिली. ती पाण्यातल्या पोकळ्यांत शिरली असती तर पातळी १०० च्या आसपासच राहायला हवी. प्रत्यक्षात ती २२५ च्या जवळ जाते. साखरेने आपली जागा जवळजवळ पुरेपूर घेतली.

मग हा समज एवढा पक्का का? कारण बहुतेक जण साखर भांड्याने मोजतात. एक भांडं पाणी, एक भांडं साखर, आणि मिश्रण दोन भांडी भरत नाही. पण भांडंभर साखरेत दाण्यांच्या फटींमधली हवाही मोजली गेलेली असते. ती हवा निघून जाते, एवढंच. साखर वजनाने घेतली की भ्रम उरत नाही.

मिठाचा हिशेब मात्र खरोखर थोडा कमी भरतो, आणि ते सांगायलाच हवं. ३६ ग्रॅम मिठाचं आकारमान साडेसोळा मिली. ते १०० मिली पाण्यात विरघळवलं तर द्रावण ११३ मिलीच्या आसपास होतं. तीनेक मिली कुठे गेले? मिठाच्या प्रभारित आयनांनी भोवतीचं पाणी आपल्याकडे ओढून घट्ट बसवलं. म्हणजे ही घट आधीच्या रिकाम्या जागा भरल्यामुळे आलेली नाही. पुढे ज्या जलकवचाबद्दल बोलायचं आहे, त्याचीच ही खूण आहे.

आकाराचा मुद्दा एका तुलनेत निकालात निघतो. साखरेचं रेणुभार ३४२. हेक्झेन या तेलकट द्रवाचं ८६. लहान रेणू कोणता ते उघड आहे. तरी एक लिटर पाण्यात साखर २ किलो विरघळते आणि हेक्झेन जेमतेम १० मिलिग्रॅम.

हलकेपणाचंही तसंच. हलकं असण्याने फक्त न मिसळलेला थर वर राहील की खाली, एवढंच ठरतं. इथेनॉल खाद्यतेलापेक्षाही हलकं, पण पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतं. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याच्या दीडपट जड, ते तळाशी बसतं आणि तिथेही वेगळंच राहतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण असते आणि दोन्ही हायड्रोजन किंचित धन. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. हे बंध क्षणोक्षणी तुटत-जुळत असतात, पण कोणत्याही क्षणी बहुतेक रेणू तीन-चार शेजाऱ्यांना धरून असतात.

या गर्दीत मिठाचा स्फटिक पडला की सुटायला सुरुवात कोपऱ्यांपासून आणि कडांपासून होते, कारण तिथल्या आयनाला धरून ठेवणारे शेजारी कमी असतात. सोडियमकडे पाणी ऑक्सिजनची बाजू करतं, क्लोराइडकडे हायड्रोजनची. सुटलेल्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे साधारण सहा रेणू गोळा होतात. हे त्याचं जलकवच. स्फटिक पूर्ण मोडायला दर मोलला, म्हणजे ५८ ग्रॅमला, सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. कवचं तयार होताना त्यातली जवळजवळ सगळी परत मिळते, फक्त चारेक किलोज्यूल कमी पडतात. तेवढी उष्णता पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ टाकलं तर पाणी साधारण एक अंशाने थंड होतं. एवढा तोटा सोसूनही मीठ विरघळतं, कारण सुटे झालेले आयन असंख्य प्रकारे विखरू शकतात. हे विखुरलेपण म्हणजे एन्ट्रॉपी, आणि इथे तिची वाढ तो तोटा भरून काढते.

कवच मिळालं की विरघळणं आलंच, असं मात्र समजू नका. सिल्व्हर क्लोराइडच्या आयनांनाही कवच मिळतं, पण त्या स्फटिकाची पकड कवचाच्या परताव्यापेक्षा बरीच भारी असते. लिटरमागे ते दोनेक मिलिग्रॅमच विरघळतं.

साखरेत आयन नसतात, रेणू अख्खाच्या अख्खा सुटतो. पण त्यावर आठ ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि प्रत्येक गट पाण्याशी हायड्रोजन बंध जुळवू शकतो. साखरेचे आपसातले बंध सुटतात, तसेच बंध पाण्याशी जुळतात.

राहिला ढकलण्याचा मुद्दा. मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वर्गातही तो सर्रास तसाच सांगितला जातो. पाणी तेलाला ढकलत नाही. स्वच्छ पाण्यावर हेक्झेनचा थेंब सोडला तर तो आकसून बसण्याऐवजी पसरू लागतो. दूर लोटणाऱ्या पृष्ठभागावर तो असा पसरला नसता. इतकंच नव्हे, २५ अंशांच्या आसपास हेक्झेन पाण्यात जाताना एकूण उष्णता जवळजवळ शून्य बदलते. ऊर्जेच्या हिशेबात अडथळाच नाही. अडथळा एन्ट्रॉपीचा आहे.

तेलाच्या रेणूशेजारी उभा असलेला पाण्याचा एक रेणू डोळ्यांसमोर आणा. त्याने हायड्रोजन तेलाकडे वळवला तर तिथे धरायला ऑक्सिजन नाही, एक बंध फुकट जातो. म्हणून तो तेलाच्या कडेने आडवा राहतो आणि इतर पाण्याशी असलेले बंध टिकवतो. बंध वाचतात, पण वळण्याचं स्वातंत्र्य जातं. तेलाभोवतीच्या प्रत्येक रेणूची हीच गत. याला कवच म्हणता येईल, पण मिठाच्या कवचासारखं ते ओढीतून तयार झालेलं नाही. दोन तेलरेणू एकमेकांना चिकटले की पाण्याला लागणारा पृष्ठभाग कमी होतो आणि अडकलेले काही रेणू मोकळे होतात. तेलाचं एकत्र येणं मुख्यतः पाण्याच्या या मोकळीकीतून घडतं. लहान रेणूंसाठी आणि नेहमीच्या तापमानाला हे चित्र बरोबर आहे. तेलाचा मोठा पृष्ठभाग असेल तर पाण्याला सगळे बंध वाचवता येत नाहीत, आणि मग ऊर्जेचा तोटाही हिशेबात येतो.

पडताळा हवा असेल तर हेक्झेनच्याच सहा कार्बनच्या साखळीला एका टोकाला एक ओएच गट जोडा. झालं हेक्झेनॉल. रेणू मोठा झाला, तरी लिटरमागे विद्राव्यता १० मिलिग्रॅमवरून सुमारे ६ ग्रॅमवर जाते. सहाही कार्बनांना एकेक ओएच जोडला की होतं सॉर्बिटॉल. रेणुभार ८६ वरून १८२, हेक्झेनच्या दुपटीहून जास्त. आणि एक लिटर पाण्यात ते २ किलोहून अधिक विरघळतं.